पथारीवाल्यांचा अभ्यास: निधीच्या अर्जातलं अंदाजपत्रक आणि खर्चाचं समर्थन कसं लिहावं

विद्यार्थ्यांचे अर्ज तपासताना मी अंदाजपत्रकाचं पान आधी उघडते, प्रस्तावना नंतर वाचते. अभ्यास मुलांनी डोक्यात नीट चालवून पाहिला आहे की नाही, हे त्या एका पानावर कळतं. ‘प्रवास ५,०००, छपाई ३,०००, इतर ५,०००’ असं दिसलं की समजावं, रस्त्यावर अजून कुणी गेलेलं नाही. तेच ‘६ विद्यार्थी, १४ दिवस, रोजचे ८० रुपये’ असं लिहिलेलं असेल, तर निदान कुणीतरी बसून विचार केला आहे. रक्कम कमी आहे की जास्त, हा प्रश्न त्यानंतरचा.

हा लेख पहिल्यांदाच असा अर्ज लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण पुण्याचं घेते, कारण इथले रस्ते आणि इथल्या पथारीवाल्यांचा दिवस मला माहीत आहे. समजा, समाजशास्त्राच्या सहा विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारायचा आहे: भाजी, फळं आणि फुलं विकणाऱ्यांकडे रोज पहाटेचा माल उचलायला पैसा येतो कुठून? स्वतःचा, हातउसना, भिशीतला, रोजची वसुली करणाऱ्या सावकाराचा, की पीएम स्वनिधीच्या कर्जाचा? पथविक्रेत्यांसाठीची ती केंद्रीय योजना २०२० च्या जूनमध्ये आली आणि पहिलं कर्ज १०,००० रुपयांपर्यंतचं होतं, म्हणजे प्रश्न रास्त आहे. ठिकाणं तीन: महात्मा फुले मंडईचा परिसर, कोथरूड आणि हडपसर. विक्रेते १२०. निधीची मर्यादा ५०,००० रुपये. लेखातले सगळे दर मी हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्ही अर्ज लिहाल त्या आठवड्यात आपापले दर विचारून घ्या.

आधी विक्रेत्याचा दिवस मांडा

रुपयांना इतक्यात हात लावू नका. आधी कोऱ्या कागदावर विक्रेत्याचा दिवस लिहा. भाजीवाल्या मावशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात, टेम्पोत इतरांबरोबर भाडं वाटून माल आणतात, आठ-साडेआठला पथारी मांडतात. नऊ ते बारा गिऱ्हाईक असतं. पुन्हा गर्दी सुरू होते ती पाचनंतर, आणि साडेआठ-नऊपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. तुमच्याशी बोलायला त्यांच्याकडे वेळ आहे तो दुपारी साडेबारा ते साडेचार. तोही पूर्ण मोकळा नाही, कारण त्याच वेळात त्या जेवतात, मेथीच्या जुड्या बांधतात, पालेभाजीवर पाणी मारतात आणि तासभर डोळा लागला तर तेवढाच.

या चार तासांत किती मुलाखती होतील? प्रश्नावली घरी एकमेकांना विचारून पाहिली तर पंचवीस मिनिटांत संपते. रस्त्यावर तसं होत नाही. ‘किती उधार आहे’ या प्रश्नापर्यंत येता येता कुणीतरी कोथिंबीर मागतं, सुट्टे पैसे शोधावे लागतात, शेजारच्या पथारीवरची बाई मध्येच स्वतःची गोष्ट सांगू लागते. ओळख, संमती, प्रश्न आणि हे सगळे खंड धरून एका मुलाखतीला तास धरावा. म्हणजे एका जोडीच्या दिवसाला चार मुलाखती.

जोडी का, हेही इथेच ठरतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकटी मुलगी कागदात मान घालून लिहीत बसली की समोरची बाई बोलायची थांबते. शिवाय पैशांचे प्रश्न विचारताना दोघांनी ऐकलेलं बरं, रात्री ताळा घेता येतो. सहा विद्यार्थी म्हणजे तीन जोड्या, दिवसाला बारा मुलाखती. १२० विक्रेत्यांना दहा दिवस.

पण दहा दिवसांत अभ्यास होत नाही. नवखे गट नेमके इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

मुलाखती सुरू करण्याआधी कुणाला विचारायचं, हे ठरवायला यादी लागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण करायचं असतं आणि पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं. तरी त्या नोंदीत नसलेले कितीतरी जण रस्त्यावर असतात. टोपली घेऊन बसणाऱ्या बायका, गावाहून चार महिन्यांसाठी आलेले, दुसऱ्याची हातगाडी रोजाने चालवणारे. कर्जाचा प्रश्न विचारायचा तर हेच लोक सुटून चालणार नाहीत, कारण प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र नसलं की सरकारी कर्जाची वाट अडते. म्हणून एक दिवस फक्त मोजणीचा: ठरलेल्या रस्त्यावरून सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा चालायचं, दोन्ही वेळी दिसलेल्या प्रत्येक पथारीला क्रमांक द्यायचा. सकाळचे आणि संध्याकाळचे चेहरे सारखे नसतात, हे त्या दिवशी लक्षात येतं. सातला भेटणारे काही जण दुपारी तिथे नसतातच. त्यांच्या मुलाखतीची वेळ वेगळी ठरवावी लागते.

त्यानंतर एक दिवस सरावाचा. नऊ विक्रेते, प्रत्येक जोडीला तीन. सरावातल्या मुलाखती मोजणीत धरायच्या नाहीत, कारण त्यानंतर प्रश्न बदलतात. ‘तुम्ही कर्ज घेतलं आहे का?’ याला बहुतेक जण सरळ ‘नाही’ म्हणतात. ‘काल सकाळच्या मालाचे पैसे कुणाचे होते?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. हा फरक सरावाच्या दिवशीच कळतो.

आणि शेवटी दोन दिवस राहिलेल्यांसाठी. कुणी आजारी असतं, कुणी गावी गेलेलं असतं, कुणाच्या पथारीवर त्या दिवशी कारवाई झालेली असते. न सापडलेल्यांच्या जागी शेजारचा सोपा माणूस घेतला तर नमुना बिघडतो, कारण वारंवार गैरहजर असणारेच अनेकदा जास्त अडचणीत असतात. परत जायला दिवस हवेत.

एकूण १ + १ + १० + २ = १४ दिवस. सहा जण धरून ८४ मनुष्यदिवस. हा आकडा पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण पुढचा निम्म्याहून अधिक खर्च याच्यावरच उभा राहणार आहे.

मग रुपये

विद्यार्थ्यांचं मानधन ८४ मनुष्यदिवस × ३०० = २५,२०० रुपये. काही निधी अर्जदार विद्यार्थ्यांना मानधन द्यायला परवानगी देत नाहीत, तेव्हा नियम आधी वाचा. परवानगी नसेल तर ही ओळ पुसू नका. रकमेच्या जागी शून्य लिहा आणि समर्थनात ‘८४ मनुष्यदिवसांचं काम विद्यार्थी विनामोबदला करतील’ असं नोंदवा. नाहीतर तपासणाऱ्याला प्रश्न पडतो की मुलाखती घेणार कोण.

प्रवास ८४ × ८० = ६,७२० रुपये. इथे बसचा पास किंवा तिकीट धरा, रिक्षा धरू नका. हडपसरला जाताना मंडईतून दोन बस बदलाव्या लागणार असतील तर तसं लिहा.

चहा, नाश्ता, पाणी ८४ × ६० = ५,०४० रुपये. मुलं साडेबारा ते साडेचार उन्हात उभी असणार, हे एक वाक्य पुरतं. ही ओळ लाजून वगळणारे गट मी पाहिले आहेत. तिसऱ्या दिवशी ती मुलं स्वतःच्या खिशातून वडापाव खातात आणि चौथ्या दिवशी दोघं येत नाहीत.

छपाईत प्रश्नावली आठ पानी आणि संमतीपत्र एक पानी, म्हणजे नऊ पानं. १२० मुलाखती, ९ सरावाच्या, आणि खराब होणाऱ्या धरून १५० संच. १५० × ९ × २ रुपये = २,७००. मोबाइलवर माहिती भरायची असेल तर छपाई वाचते आणि नोंदणीचा वेळही वाचतो. कोबो टूलबॉक्ससारखी साधनं त्यासाठीच आहेत. पण या विषयात मी कागद निवडेन. फुटपाथवर मोबाइल समोर धरून कुणी प्रश्न विचारू लागलं की विक्रेत्याला वाटतं, फोटो काढतायत. कारवाईच्या आधी फोटो काढले जातात, हे त्यांना पाठ असतं.

लिहायचे पॅड, ओळखपत्रं, पेन आणि फाइल मिळून १,००० रुपये. ओळखपत्रात काटकसर नको. कॉलेजचं नाव ठळक मराठीत आणि दोरी कॉलेजच्या रंगाची असू द्या. दुरून येणारी मुलं पालिकेची नाहीत हे आधी कळावं लागतं.

माहितीची नोंदणी: दिवसाला वीस प्रश्नावल्या या वेगाने १२० ना सहा दिवस. दोघांनी स्वतंत्रपणे भरायच्या आणि मग जुळवायच्या, म्हणजे १२ मनुष्यदिवस × ३०० = ३,६००. दोनदा भरण्याचं कारण समर्थनात एका ओळीत द्या: व्याजाचे आकडे छोटे असतात, ५ चा ५० झाला तर निष्कर्ष उलटतो.

विक्रेत्यांना निष्कर्ष सांगायला प्रत्येक ठिकाणी एक छोटी बैठक, मराठी पत्रक आणि चहा धरून १,००० रुपये, तीन ठिकाणी ३,०००. वेळ दुपारची, जागा जवळचं मंदिर किंवा त्यांच्या संघटनेचं कार्यालय. कॉलेजच्या सभागृहात पथारी सोडून कुणी येत नाही.

विक्रेत्याच्या तासाची भरपाई

या ओळीवर सगळ्यात जास्त शंका येतात, आणि या ओळीचंच समर्थन सगळ्यात कच्चं लिहिलेलं असतं. म्हणून थोडं सविस्तर.

पैसे का द्यायचे? कारण त्यांचा तास तुम्ही घेता आहात. नोकरदार माणसाची मुलाखत घेतली तर त्याचा पगार कापला जात नाही. पथारीवाल्याचं लक्ष तासभर तुमच्याकडे गेलं तर समोरून जाणारं गिऱ्हाईक पुढच्या पथारीवर जातं. किती द्यायचे? सरावाच्या आधी चार-पाच जणांशी गप्पा मारून दिवसाची निव्वळ कमाई किती असते ते विचारा. समजा ती ८०० ते १,००० रुपये निघाली आणि दिवस दहा तासांचा आहे. मग तासाला ८० ते १०० रुपये. आपली मुलाखत तासाची, म्हणून १०० रुपये. १२० अधिक सरावाचे ९ असे १२९ विक्रेते, १२,९०० रुपये.

यापेक्षा खूप जास्त देऊ नका. ५०० रुपये मिळणार हे कळलं की शेजारपाजारचे सगळे ‘कर्जबाजारी’ होतात. मनातून नको असलेली माणसंही नुसत्या पैशासाठी हो म्हणतात, आणि ती संमती खरी नसते. खूप कमीही देऊ नका, वीस रुपयांची नोट पुढे केली की समोरच्याला अपमान वाटतो. रक्कम मुलाखतीच्या सुरुवातीला द्यायची आणि विक्रेता मध्येच उठला तरी परत मागायची नाही, हेही अर्जात लिहा. काही गट पैशाऐवजी त्या विक्रेत्याकडूनच भाजी घेतात. दिसायला छान वाटतं, पण मग तुम्ही गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाइकाशी विक्रेता जसं बोलतो तसं बोलणं सुरू होतं. ‘धंदा मस्त चाललाय, ताई.’

आता पावतीचा प्रश्न. कॉलेजचं लेखा कार्यालय म्हणणार, रोख दिली तर नाव, पत्ता आणि सही आणा. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण रस्त्यावर काय होतं ते पाहा. आमच्या एका गटाने पहिल्या दिवशी व्हाउचरचं पुस्तक नेलं होतं. मंडईजवळ टोपली मांडून बसलेल्या मावशींनी पंधरा मिनिटं मोकळेपणाने उत्तरं दिली. मग मुलीने व्हाउचर पुढे केलं. मावशींनी हात पदराला पुसला, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. ‘सही कशाला गं बाळा? उद्या गाडी आली आमच्यावर, तर?’ शंभराची नोटही त्यांनी त्या कागदावर परत ठेवली. पुढचे प्रश्न विचारायचे राहून गेले, आणि शेजारच्या तिघींनीही त्या दिवशी मान हलवून नाही म्हटलं.

त्या बाईंची भीती खोटी नव्हती. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने ‘मी अमुक ठिकाणी बसून विकते’ अशा कागदावर सही करणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं, असं तिला वाटणारच. शिवाय संमतीपत्रात आपण ‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’ असं सांगतो आणि व्हाउचरवर मात्र नाव लिहून घेतो. ते व्हाउचर कॉलेजच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं.

मार्ग आहे, पण तो अर्जातच मागून घ्यावा लागतो. खर्च झाल्यावर मागितला तर कुणी देत नाही. प्रत्येक जोडीकडे रोजचं वाटपपत्रक असावं. त्यावर तारीख, ठिकाण, विक्रेत्याचा फक्त क्रमांक, दिलेली रक्कम आणि जोडीतल्या दोघांच्या सह्या. दिवसाच्या शेवटी मार्गदर्शक शिक्षक प्रश्नावल्यांची संख्या आणि वाटलेली रक्कम जुळवून सही करतात. नावं असतील तर ती वेगळ्या वहीत, शिक्षकांच्या कपाटात, आणि विश्लेषण संपल्यावर ती वही नष्ट करायची. संमतीही तोंडी घेता येते. विद्यार्थ्याने मजकूर वाचून दाखवायचा आणि ‘वाचून दाखवला, संमती मिळाली’ असं लिहून स्वतः सही करायची. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीकडून हे आधी मंजूर करून घ्या आणि मंजुरीचा उल्लेख समर्थनात करा.

समर्थनाचा मजकूर साधारण असा होईल:

“विक्रेत्यांची भरपाई: १२९ × १०० = १२,९०० रुपये. मुलाखतीला साधारण एक तास लागतो. प्राथमिक भेटींत विक्रेत्यांची निव्वळ कमाई तासाला ८० ते १०० रुपये आढळली, त्यावरून दर ठरवला आहे. रक्कम मुलाखतीच्या सुरुवातीला दिली जाईल आणि मुलाखत अपुरी राहिली तरी परत घेतली जाणार नाही. अनेक विक्रेत्यांकडे विक्री प्रमाणपत्र नसल्याने नाव व सहीची पावती घेतल्यास त्यांना कारवाईची भीती वाटते. म्हणून क्रमांकानुसार रोजचं वाटपपत्रक, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या आणि मार्गदर्शकांची पडताळणी हा खर्चाचा पुरावा म्हणून मान्य करावा, ही विनंती.”

हा परिच्छेद अर्जात असला आणि अर्ज मंजूर झाला, की हिशेबाच्या वेळी हाच तुमच्या हातातला कागद. लेखा कार्यालयाला त्याची एक प्रत आधीच देऊन ठेवा.

बेरीज मर्यादेबाहेर गेली तर

वरच्या ओळींची बेरीज ६०,१६० होते. किरकोळ अनपेक्षित खर्चाला सुमारे पाच टक्के, म्हणजे ३,००० धरले तर ६३,१६०. मर्यादा ५०,००० ची आहे.

अशा वेळी मुलं दर कापू लागतात. मानधन ३०० चं २००, भरपाई १०० ची ५०, नाश्ता रद्द. बेरीज बसते आणि अभ्यास मोडतो, कारण दर हवेतून आलेले नव्हते, कामातून आले होते. दुसरी चूक त्याहून वाईट आहे: दिवस कापायचे आणि विक्रेते १२० च ठेवायचे. मग एका जोडीला दिवसाला सहा-सात मुलाखती उरकाव्या लागतात, आणि चौथ्या मुलाखतीनंतर मुलं उत्तरं अंदाजाने भरू लागतात. तपासणारा नमुन्याची संख्या आणि मनुष्यदिवस यांचा भागाकार करून पाहतो. मी तरी पाहतेच.

कापायचा तो अभ्यासाचा आवाका. इथे एक ठिकाण कमी करता येईल. हडपसर गाळलं आणि मंडई व कोथरूड ठेवलं तर शहराच्या मध्यभागाची आणि उपनगराची तुलना तरीही राहते. प्रत्येक ठिकाणी ४२, असे ८४ विक्रेते. बारा रोजच्या हिशेबाने सात दिवस, मोजणी आणि सराव एकेक दिवस, राहिलेल्यांसाठी दोन दिवस. अकरा दिवस, ६६ मनुष्यदिवस. मोजणी, सराव आणि परत जाण्याचे दिवस मी मुद्दाम कमी केले नाहीत. विक्रेते कमी झाले म्हणून ती कामं कमी होत नाहीत.

| खर्चाची बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| विद्यार्थ्यांचं मानधन | ६६ × ३०० | १९,८०० |
| प्रवास | ६६ × ८० | ५,२८० |
| चहा, नाश्ता, पाणी | ६६ × ६० | ३,९६० |
| विक्रेत्यांची भरपाई | (८४ + ९) × १०० | ९,३०० |
| छपाई | ११० संच × ९ पानं × २ | १,९८० |
| पॅड, ओळखपत्रं, पेन, फाइल | ठोक | १,००० |
| माहितीची नोंदणी | ५ दिवस × २ जण × ३०० | ३,००० |
| निष्कर्षांच्या बैठका | २ × १,००० | २,००० |
| किरकोळ अनपेक्षित खर्च | सुमारे ५ टक्के | २,३०० |
| एकूण | | ४८,६२० |

मर्यादेपर्यंत उरलेले १,३८० रुपये भरून काढायला कुठली तरी ओळ फुगवू नका. बरोबर ५०,००० ची बेरीज पाहिली की तपासणारा समजतो, आकडा आधी लिहिला आणि हिशेब नंतर जुळवला. आणि हो, अभ्यासपद्धतीच्या भागात ‘१२० विक्रेते, तीन ठिकाणं’ असं आधी लिहिलेलं असेल ते आता बदला. अंदाजपत्रक सुधारून पद्धतीचा भाग तसाच ठेवणं, ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

‘अनपेक्षित खर्च’ काही निधींना अजिबात चालत नाही. तेव्हा तो काढून टाका, पण कशाची भीती होती ते शोधा. या अभ्यासात ती मुख्यतः पावसाची आणि सणांची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पाऊस लागला की दिवस फुकट जातो, प्रवासाचे पैसे मात्र गेलेले असतात. गणपती आणि दिवाळीच्या आधी रस्त्यावर हंगामी विक्रेते येतात आणि नेहमीच्यांना बोलायला सवड नसते. क्षेत्रकाम जानेवारी-फेब्रुवारीत ठेवलं तर ही जोखीम वेळापत्रकातच कमी होते. समर्थनात तेवढं एक वाक्य लिहा.

समर्थन लिहिताना

प्रत्येक ओळीला तीन गोष्टी सांगायच्या: हा खर्च कोणत्या कामासाठी, इतकी संख्या का, आणि दर कुठून आला. बस. ‘प्रवास अत्यंत आवश्यक आहे’ या वाक्यात तिन्हीपैकी एकही गोष्ट नाही. त्याऐवजी लिहा: ‘तीन जोड्या अकरा दिवस कॉलेजपासून मंडई आणि कोथरूडला जातील. रोजचे जाण्यायेण्याचे बसभाडे प्रत्येकी ८० रुपये धरले आहे.’ दर छापखान्यातून घेतला असेल तर दरपत्रक जोडा. कॉलेजच्या ठरलेल्या मानधन-दरावर असेल तर तसं लिहा.

जे मागत नाही तेही सांगा. संगणक कॉलेजच्या प्रयोगशाळेतले, विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत मिळणारं, मार्गदर्शकांचा वेळ विनामोबदला. लॅपटॉप, टॅब, ध्वनिमुद्रक अशी खरेदी छोट्या विद्यार्थी-निधीत टाकू नका. अभ्यास दोन महिन्यांत संपतो आणि वस्तू उरते, म्हणून तिच्यावर बोट ठेवलं जातं. इथे ध्वनिमुद्रण तसंही उपयोगाचं नाही. रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि सावकाराचं नाव निघालं की विक्रेता यंत्राकडे पाहून गप्प होतो.

पैसे हातात कसे येणार

अर्ज पाठवण्याआधी लेखा कार्यालयात एकदा जाऊन या. निधी बहुधा संस्थेच्या खात्यात येतो, विद्यार्थ्यांच्या खात्यात नाही. तो हप्त्याने येणार असेल आणि दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब दिल्यावर मिळणार असेल, तर पहिल्या हप्त्यात काय काय बसायला हवं ते पाहा. आपल्या उदाहरणात छपाई, ओळखपत्रं, प्रवास, चहा-नाश्ता आणि विक्रेत्यांची भरपाई हे पहिल्या अकरा दिवसांतच लागतं: १,९८० + १,००० + ५,२८० + ३,९६० + ९,३०० = २१,५२० रुपये. मानधन, नोंदणी आणि बैठका नंतर. म्हणून अर्जात लिहा की पहिला हप्ता निदान २२,००० चा असावा.

यातली भरपाईची रक्कम रोख आणि शंभराच्या नोटांत लागेल. ती मार्गदर्शकांच्या नावे उचल म्हणून घ्यावी लागते. बारा मुलाखतींच्या दिवशी १,२०० रुपये, जोडीला ४००. सगळी रक्कम एकाच दिवशी मुलांच्या हातात देऊ नका. रोज सकाळी द्यायची, संध्याकाळी उरलेली परत घ्यायची आणि वाटपपत्रकाशी जुळवायची. एखाद्याला ५,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्याची पावती असेल तर तिच्यावर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. इथे एका विद्यार्थ्याचं क्षेत्रकामाचं मानधन ३,३०० होतं आणि नोंदणीच्या पाच दिवसांचे १,५०० मिळवले तरी ४,८००, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

एका बाबीतले उरलेले पैसे दुसऱ्या बाबीत वापरायला किती मुभा आहे, हे नियमांत शोधा. नसेल दिलेलं तर पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइलला लावा. परत जाण्याचे दोन दिवस वाढून तीन झाले तर प्रवासात कमी पडेल आणि छपाईत थोडं उरलेलं असेल, असं हमखास होतं. आणि रोज रात्री, मुलं दमलेली असली तरी, त्या दिवसाची बसची तिकिटं एका पाकिटात घालून वर तारीख, ठिकाण आणि जोडीचा क्रमांक लिहायला लावा. बसच्या तिकिटावरची शाई महिनाभरात उडते, तेव्हा त्याच रात्री मोबाइलवर त्यांचा फोटोही काढून ठेवायला सांगा.